पत्नीला दिलेली रक्कम आणि आयकराची जोडबेरीज

व्यापारउदीम करणाऱ्या आपल्या बांधवांमध्ये सध्या एक सल्ला तोंडोतोंडी फिरतो आहे. नव्या करपद्धतीत 2025-26 या वर्षापासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. मग धंद्यात साठलेली रक्कम पत्नीच्या नावावर करावी, तिच्या नावाने गाळा किंवा शेअर घ्यावेत, म्हणजे तिची कमाई वेगळी, तिचे बारा लाख वेगळे आणि कर दोघांनाही नाही, असा हा सल्ला. ऐकायला सोपा वाटतो, पण तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग नोटीस घेऊन दोन वर्षांनी दारात येतो.

कापडाच्या पेढीवर बसून आम्ही हा सल्ला इतक्या वेळा ऐकला, की या विषयावर नीट लिहावे असे वाटले. आम्ही वकील नाही किंवा चार्टर्ड अकाउंटंटही नाही. पण हिशेबाची वही आम्ही स्वतः लिहितो आणि आयकराचा हा नियम व्यापाऱ्याला समजणार नाही इतका अवघड नाही. तो एकदा समजला, तर पत्नीला रक्कम देण्यात काहीच धोका राहत नाही.

भेट आणि भेटीची कमाई

दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न असा, की नवऱ्याने पत्नीला रक्कम भेट दिली तर त्या रकमेवर कर लागतो का? उत्तर आहे, नाही. परक्या माणसाकडून वर्षात पन्नास हजारांहून जास्त भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरतात, पण जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीला ही मर्यादा नाही. पती-पत्नी या नात्यात येतात. दोन लाख द्या की वीस लाख द्या, घेणाऱ्या पत्नीला त्या रकमेवर कर नाही. भेट देणाऱ्यावर बसणारा जुना गिफ्ट टॅक्सही 1 ऑक्टोबर 1998 पासून बंद झाला आहे.

दुसरा प्रश्न, त्या रकमेतून पुढे जी कमाई होईल तिचा कर कोणी भरायचा? येथेच बहुतेकांची गल्लत होते. पत्नीने ती रक्कम कशात तरी गुंतवली आणि तिच्यावर भाडे, डिव्हिडंड, व्याज किंवा विक्रीचा नफा मिळाला, तर ते उत्पन्न आयकराच्या हिशेबात नवऱ्याच्या उत्पन्नात जोडले जाते. यालाच क्लबिंग म्हणतात. 1961 च्या आयकर कायद्यात हा नियम कलम 64 मध्ये होता. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण हा नियम तसाच ठेवला आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोड होते ती फक्त कराच्या हिशेबापुरती. रक्कम पत्नीचीच, भाडे पत्नीचेच, मालमत्ताही तिचीच. नवरा कर भरतो म्हणून तो परत मालक होत नाही. शरीअतच्या दृष्टीनेही ईजाब, कबूल आणि कब्जा झाला की हिबा पूर्ण होतो. आयकर खाते हा हिबा रद्द करीत नाही. ते एवढेच म्हणते, की कमाई तिची असली तरी तिच्यावरचा कर तुम्ही भरा.

84 हजारांच्या भाड्यावर 45 हजारांचा कर

आता एक उदाहरण मांडून हिशेब करू. भिवंडीतील एक कापड व्यापारी धरू. 2025-26 मध्ये त्यांच्या धंद्याचे करपात्र उत्पन्न 11 लाख 60 हजार आहे. नव्या पद्धतीत हे बारा लाखांच्या आत असल्याने सवलत मिळून कर शून्य. पत्नीचे स्वतःचे उत्पन्न काही नाही. अनेक वर्षांच्या बचतीतून त्यांनी पत्नीला 20 लाख रुपये भेट दिले आणि पत्नीने त्यातून एक गाळा विकत घेतला. गाळ्याचे भाडे महिन्याला 10 हजार, म्हणजे वर्षाचे 1 लाख 20 हजार. नगरपालिकेचा कर भाडेकरू भरतो असे धरू. भाड्यातून दुरुस्ती वगैरेसाठी कायद्याप्रमाणे 30 टक्के, म्हणजे 36 हजार वजा होतात. राहिले 84 हजार.

पत्नीने 84 हजारांचे स्वतःचे रिटर्न भरले तर कर शून्य आणि घरात सगळे खूश. पण कायद्याप्रमाणे हे 84 हजार नवऱ्याच्या उत्पन्नात गेले पाहिजेत. नवऱ्याचे उत्पन्न मग 12 लाख 44 हजार होते आणि बारा लाखांची रेषा ओलांडली जाते.

ही रेषा ओलांडली की काय होते ते पाहा. बारा लाखांपर्यंतचा जो 60 हजार रुपये कर सवलतीने माफ होत होता, तो परत उभा राहतो. वरच्या 44 हजारांवर 15 टक्के दराने 6,600 रुपये. एकूण 66,600. कायद्यात येथे थोडी दया दाखवली आहे. बारा लाखांच्या वर जेवढे उत्पन्न असेल त्याहून जास्त कर घेता येत नाही. म्हणून 66,600 ऐवजी कर 44 हजार होतो. त्यावर 4 टक्के सेस 1,760 रुपये. भरायचे एकूण 45,760 रुपये.

म्हणजे 84 हजारांचे भाडे आले आणि त्यापायी 45,760 रुपयांचा कर उभा राहिला. निम्म्याहून जास्त. सल्ला देणाऱ्याने हा आकडा सांगितलेला नसतो. बारा लाखांच्या काठावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला क्लबिंगचा फटका सर्वांत जोरात बसतो तो असा. ज्यांचे उत्पन्न आधीच चोवीस लाखांच्या वर आहे त्यांना तीस टक्क्यांनी कर लागेल, म्हणजे 84 हजारांवर सेस धरून सुमारे 26 हजार. आणि ज्यांचे उत्पन्न सात-आठ लाखच आहे, त्यांच्याकडे 84 हजार जोडले तरी बारा लाखांच्या आतच राहते, कर काहीच नाही. म्हणून भेट देण्याआधी आपले स्वतःचे उत्पन्न रेषेपासून किती दूर आहे ते पाहणे पहिले काम.

आता नवऱ्याने हे जोडलेच नाही तर? पूर्वी अशी गोष्ट कागदांच्या ढिगात दडून जाई. आता पत्नीच्या पॅनवर झालेली खरेदी, डिव्हिडंड, शेअरची विक्री असे बरेच काही आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात आपोआप उतरते. घरी बसलेल्या बाईच्या नावावर 20 लाखांची खरेदी दिसली की पहिला प्रश्न येतो, रक्कम कोठून आली? उत्तर द्यावे लागते, नवऱ्याने भेट दिली. त्या उत्तराबरोबरच भाड्याची जोड उघडी पडते. मग मूळ कर, त्यावर दरमहा व्याज आणि उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल त्या कराच्या 50 टक्के दंड, असा हिशेब मागे लागतो.

रूप बदलले तरी मूळ तेच

काही बांधव म्हणतात, "हाजीसाहेब, मी तर गाळा दिलाच नाही, रोकड दिली. गाळा तिने घेतला." याने फरक पडत नाही. दिलेली रक्कम पुढे कोणतेही रूप घेवो, कायदा मुळापर्यंत जातो. रकमेचा गाळा झाला, गाळा विकून शेअर झाले, शेअर विकून पुन्हा सोने झाले, तरी मूळ 20 लाखांचा धागा तुटत नाही. गाळा विकून नफा झाला तर तो भांडवली नफाही नवऱ्याकडे जोडला जातो. तोटा झाला तर तोटाही जोडला जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. शेअर विकून पत्नीला झालेला भांडवली तोटा नवरा आपल्या भांडवली नफ्यासमोर नियमाप्रमाणे लावू शकतो. आणि नवऱ्याने रोकड न देता आपल्याच नावाचा घर-गाळा पत्नीला बक्षीस दिला, तर भाड्यासाठी कायदा नवऱ्यालाच मालक समजतो. शेवट तोच.

दुसरी युक्ती उलट्या भेटीची. मोठ्या भावाने धाकट्या भावाच्या पत्नीला दहा लाख द्यायचे आणि धाकट्याने मोठ्याच्या पत्नीला दहा लाख द्यायचे. कागदावर कोणीच स्वतःच्या पत्नीला काही दिले नाही. ही युक्ती नवी नाही. सुप्रीम कोर्टाने 1963 साली सी. एम. कोठारी यांच्या प्रकरणात सांगून टाकले, की असे व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतील तर ते आडवाटेने स्वतःच्या पत्नीलाच दिल्यासारखे आहेत. साठ वर्षांपूर्वी बंद झालेली ही वाट आजही कोणी दाखवत असेल तर त्या वाटेने जाऊ नये.

सासऱ्याने सुनेला भेट दिली तर काय, असेही विचारतात. तीही बंद वाट आहे. सुनेच्या त्या रकमेची कमाई सासऱ्याच्या उत्पन्नात जोडली जाते. मात्र मुलीला तिच्या स्वतःच्या वालिदांनी किंवा भावांनी दिलेली रक्कम, वारशात मिळालेला तिचा हिस्सा आणि तिच्या स्वतःच्या हुन्नराची कमाई, या तिन्ही पूर्णपणे तिच्या. त्यांची जोड कोणाकडेही होत नाही.

कमाईची कमाई तिची

आता या नियमातील चांगली बाजू. जोड होते ती भेटीच्या कमाईची. त्या कमाईतून पुढे जी कमाई होते, तिची जोड होत नाही. आमच्या मते या सगळ्या विषयात व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावे असे हेच एक वाक्य आहे.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. गाळ्याचे भाडे दरवर्षी 1 लाख 20 हजार येते. त्याचा कर नवरा भरतो. पत्नी त्यातील लाखभर रुपये दरवर्षी बाजूला ठेवते. तीन वर्षांत तिच्याकडे तीन लाख जमले. त्यातून तिने दोन ओव्हरलॉक मशीन घेतली, एक कारागीर बाई ठेवली आणि ड्रेस शिवून देण्याचे काम सुरू केले. या कामात खर्च वजा जाता वर्षाला 90 हजार उरले. हे 90 हजार पूर्णपणे तिचे, कारण मशीन भाड्याच्या बचतीतून आली आहेत, मूळ 20 लाखांतून नव्हे. गाळ्याचे 84 हजार मात्र चौथ्या वर्षीही नवऱ्याकडेच जोडायचे. लग्नाचे नाते आहे आणि ती मालमत्ता आहे तोवर ही जोड चालू राहते. नाते संपले, तलाकने किंवा नवऱ्याच्या मृत्यूने, की जोड थांबते.

पण हे सिद्ध कसे करायचे? भाडे, मूळ रक्कम, घरखर्च, माहेरची ईदी असे सगळे एकाच बँक खात्यात आले, तर चार वर्षांनी कोणता रुपया कोणता हे कोणीही सांगू शकत नाही. मग अधिकारी सगळेच भेटीचे धरतो आणि आपल्याकडे उत्तर नसते. म्हणून पत्नीची दोन खाती असावीत. पहिल्या खात्यात नवऱ्याची भेट येईल आणि तेथूनच मूळ गुंतवणूक होईल. त्या गुंतवणुकीचे भाडे किंवा डिव्हिडंड मात्र दुसऱ्या खात्यात जमा होईल आणि पुढची खरेदी त्या दुसऱ्या खात्यातून होईल. मूळ गुंतवणूक विकली तर मूळ रक्कम परत पहिल्या खात्यात घ्यावी. आपण पेढीवर अमानतीची रक्कम गल्ल्यात मिसळत नाही, तसेच हे. दोन पासबुके समोर ठेवली की अर्ध्या तासात उत्तर मिळते.

पत्नीचा स्वतःचा धंदा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूरकडे कितीतरी घरांत स्त्रिया स्वतःचे छोटे काम करतात. कोणी जरीकाम करून घेते, कोणी ड्रेस मटेरियल विकते. अशा धंद्यात नवऱ्याची रक्कम आणि तिची रक्कम मिसळलेली असते. तेव्हा सगळा नफा जोडायचा की थोडा? कायद्याने येथे प्रमाण ठरवून दिले आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी धंद्यात लागलेल्या एकूण रकमेपैकी नवऱ्याच्या भेटीची रक्कम किती, तेवढाच नफ्याचा हिस्सा नवऱ्याकडे जोडायचा.

समजा, 1 एप्रिलला एका बाईने ड्रेस मटेरियलचा धंदा सुरू केला. माहेरचे दागिने विकून 1 लाख आणले, नवऱ्याने 2 लाख दिले. एकूण 3 लाख. वर्षअखेर नफा 2 लाख 40 हजार झाला. तीन हिश्शांपैकी दोन हिस्से नवऱ्याच्या रकमेचे, म्हणून 1 लाख 60 हजार नवऱ्याकडे आणि 80 हजार तिच्याकडे. तिने नफ्यातील 40 हजार घरात वापरले आणि 2 लाख धंद्यातच ठेवले. पुढच्या 1 एप्रिलला धंद्यात 5 लाख आहेत, त्यांत भेटीचे अजून 2 लाखच. त्या वर्षी नफा 3 लाख झाला तर पाचांपैकी दोन हिस्से, म्हणजे 1 लाख 20 हजार नवऱ्याकडे आणि 1 लाख 80 हजार तिच्याकडे. नफा वाढला आणि नवऱ्याकडची जोड उलट कमी झाली. धंद्यातच नफा ठेवत गेल्यास ही जोड वर्षागणिक लहान होत जाते.

यासाठी एकच अट. दर 1 एप्रिलला तिच्या धंद्याचा भांडवलाचा आकडा वहीत लिहिलेला हवा, आणि त्यात भेट किती, माहेरचे किती, नफ्याचे किती, हे तीन आकडे वेगळे हवेत. वर्षाच्या मध्येच नवरा दोन-तीन वेळा पाच-पंचवीस हजार देत राहिला तर हिशेब गढूळ होतो. द्यायचे असेल ते एकदा, बँकेतून, ठरवून द्यावे.

येथे आणखी एक ठिकाण सांभाळायचे आहे. काही बांधव पत्नीला आपल्या पेढीत नावापुरता पगार दाखवतात. पेढीत नवऱ्याचा किंवा नातेवाइकांसह त्याचा वीस टक्के किंवा जास्त हिस्सा असेल, तर हा पगारही नवऱ्याकडे जोडला जातो. सूट तेव्हाच, जेव्हा पत्नीकडे त्या कामाचे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान असेल आणि पगार त्याच कामाबद्दल असेल. ड्रेस डिझाइनचा कोर्स केलेली पत्नी पेढीसाठी डिझाइन काढते, तिला पगार द्यावा, त्यात काही अडचण नाही. जिने पेढी पाहिलेलीच नाही तिचा पगार टिकणार नाही.

मेहेर हा भेट नव्हे

आता आपल्या वाचकांसाठी खास गोष्ट, जी सर्वसाधारण कराच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. जोडीचा नियम लागतो तो पुरेशा मोबदल्याशिवाय दिलेल्या रकमेला. पत्नीला दिलेली प्रत्येक रक्कम भेट नसते. मेहेर हे नवऱ्यावरचे देणे आहे. सूरह निसामध्ये स्त्रियांना त्यांचा मेहेर देण्याचा हुकूम आहे. आणि देशाच्या कायद्यानेही मेहेर हे कर्ज मानले आहे. 1916 साली प्रिव्ही कौन्सिलने हमीरा बीबी खटल्यात हेच सांगितले. कर्ज फेडणे म्हणजे भेट देणे नव्हे. नवऱ्याने मेहेरच्या फेडीत रक्कम किंवा गाळा दिला, तर देणे संपते, हाच त्याचा मोबदला. म्हणून त्याच्या कमाईची जोड होऊ नये, हा मुद्दा पक्का आहे.

पण याची हद्द नीट ओळखावी. निकाहनाम्यात मेहेर 51 हजार असेल आणि नवऱ्याने 20 लाख दिले, तर 51 हजार मेहेर आणि उरलेले 19 लाख 49 हजार भेट. त्या भेटीच्या कमाईची जोड होणारच. ज्या निकाहनाम्यात मेहेर तोळ्यांत लिहिला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. दहा तोळे सोने लिहिले असेल आणि ते दिले गेले नसेल, तर देणे दहा तोळ्यांचेच आहे, वीस वर्षांपूर्वीच्या भावाचे नव्हे. आज ते फेडले तर आजच्या भावाने मोठी रक्कम पत्नीच्या हाती येते. अशा वेळी त्या दिवसाच्या सोन्याच्या भावाचा कागद जपून ठेवावा.

निकाहाला पंधरा वर्षे झाल्यावर कराच्या सोयीसाठी मेहेर वाढवून नवा कागद करण्याचा विचार कोणी करील. तसे करू नये. अधिकारी पहिल्यांदा मूळ निकाहनामा मागतो, आणि नंतर वाढवलेल्या आकड्याला तो मोबदला मानील अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. एकच मेहेर दोनदा फेडल्याचेही दाखवता येत नाही, म्हणून मेहेर दिल्यावर पत्नीच्या सहीची पावती घ्यावी. त्यात रक्कम, चेकचा नंबर आणि निकाहाची तारीख असावी. आपल्या समाजात मेहेर वर्षानुवर्षे थकवण्याची वाईट रीत पडली आहे. ज्यांना पत्नीच्या नावाने काही करायचेच आहे, त्यांनी सुरुवात या थकबाकीपासून करावी. ही रक्कम तिची आहेच.

कर्जाबद्दलही काही जण विचारतात. पत्नीला भेटीऐवजी कर्ज दिले तर? खरे कर्ज असेल, बाजारभावाने व्याज असेल आणि परतफेड होत असेल तर जोड होत नाही. पण व्याज आपल्याला नको. आणि बिनव्याजी कर्ज-ए-हसना, जे कधी परत येत नाही आणि ज्याचा कागदही नाही, त्याला अधिकारी भेटच म्हणतो. मग वाद घालण्यात वर्षे जातात. त्यापेक्षा सरळ हिबा करावा आणि जोड दाखवावी.

कागद आणि रिटर्न

रक्कम चेकने किंवा बँकेतूनच द्यावी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड एका माणसाकडून घेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पती-पत्नीचे नाते यात आड येत नाही. रक्कम दिल्यावर साध्या कागदावर हिबानामा लिहावा. कोणी, कोणाला, किती, कोणत्या चेकने दिली आणि पत्नीने ती स्वीकारली, एवढे चार ओळींत येते. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार.

रिटर्न भरताना जोडलेले उत्पन्न दाखवायला जागा असते. आयटीआर-2 आणि आयटीआर-3 फॉर्ममध्ये शेड्यूल एसपीआय नावाचा तक्ता आहे. त्यात पत्नीचे नाव, पॅन, नाते, रक्कम आणि उत्पन्नाचा प्रकार भरावा. नुसती रक्कम आपल्या उत्पन्नात मिळवून टाकली आणि तक्ता रिकामा ठेवला, तर पत्नीच्या पॅनवर दिसणारे उत्पन्न कोठे गेले याचा खुलासा होत नाही. पत्नीच्या नावाने डिव्हिडंडवर कर कापला गेला असेल तर त्याचीही आठवण ठेवावी. उत्पन्न नवऱ्याकडे आणि कापलेला कर पत्नीच्या पॅनवर, असे झाले तर दोघांचाही मेळ बसत नाही. यावर उपाय असा, की पत्नीने कर कापणाऱ्या कंपनीला लेखी कळवावे, म्हणजे कापलेला कर नवऱ्याच्या पॅनवर जमा दाखवता येतो. हे वर्ष संपण्याआधीच करावे लागते.

शेवटची गोष्ट आगाऊ कराची. अंदाजी नफ्याच्या पद्धतीने रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याला संपूर्ण आगाऊ कर 15 मार्चपर्यंत भरायचा असतो. तो आपल्या धंद्याचा हिशेब करतो, पत्नीच्या भाड्याचा करीत नाही, आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना 45 हजारांचा कर व्याजासह समोर येतो. म्हणून फेब्रुवारीतच पत्नीच्या दोन्ही खात्यांची पासबुके भरून घ्यावीत आणि आपल्या वहीशेजारी ठेवून बेरीज करावी. बेरीज बारा लाखांच्या आत राहिली तर निश्चिंत व्हावे. बाहेर गेली तर 15 मार्चपूर्वी कर भरून टाकावा. आणि पुढची भेट देण्याआधी निकाहनामा काढून मेहेरची थकबाकी किती आहे ते पाहावे.